वर्तुळ, पिनकोड आणि डब्याचा रस्ता

घरपोच सेवा देणारा कुठलाही छोटा व्यवसाय ऑनलाइन जाहिरात सुरू करतो, तेव्हा त्याच्यासमोर पहिल्यांदा नकाशा येतो. दुकानाच्या पत्त्यावर खूण करायची, त्रिज्येच्या चौकटीत ५ किलोमीटर लिहायचे, की पडद्यावर निळे वर्तुळ उमटते. हेच आपले सेवाक्षेत्र, असे मालक ठरवून टाकतो आणि पुढची दोन-तीन वर्षे त्या वर्तुळाकडे कुणी पुन्हा बघत नाही.

कोथरूडमध्ये असे वर्तुळ काढले तर आत काय काय येते ते पाहू. उत्तरेला वेताळ टेकडी येते आणि टेकडीपलीकडचे पाषाणही येते. दक्षिणेला मुठा नदी आणि नदीपल्याडचा सिंहगड रस्ता येतो. कोथरूडपासून पाषाण सरळ रेषेत चार किलोमीटरच्या आतबाहेर आहे. पण टेकडीतून थेट रस्ता नाही. डबा घेऊन निघालेल्या मुलाला चांदणी चौक, बावधन असा वळसा घालावा लागतो आणि अंतर जवळजवळ दुप्पट होते. सिंहगड रस्त्यावरच्या आनंदनगरला जायचे तर राजाराम पूल गाठावा लागतो. याउलट डेक्कन तितकेच लांब असले तरी कर्वे रस्त्याने सरळ जाता येते.

त्रिज्येची आणखी एक बाजू सहज लक्षात येत नाही. त्रिज्या ४ वरून ५ किलोमीटर केली की क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस किलोमीटरवरून ७८ वर जाते, म्हणजे दीडपटीहून अधिक. जाहिरातीचा खर्च तेवढाच राहिला तर तोच पैसा दीडपट प्रदेशावर पसरतो. ऑर्डरी विरळ होतात, आणि विरळ ऑर्डरी पोचवायला महाग पडतात.

टपालखात्याची आखणी

वर्तुळाला पर्याय म्हणून पिनकोड वापरता येतो. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागची कल्पना केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. सहा अंकांतला पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल छाटणीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक पत्र वाटणाऱ्या कार्यालयाकडे नेतात. ४११ म्हणजे पुणे आणि ४११०३८ म्हणजे कोथरूड.

ही रचना पत्रांच्या छाटणीसाठी झाली. एका पिनकोडात किती माणसे राहतील, मध्ये टेकडी येते का, याचा विचार तिने करण्याचे कारण नव्हते. तरीही धंद्याच्या हिशेबासाठी तिचा मोठा उपयोग आहे. जाहिरातीचा अहवाल पिनकोडवार मिळू शकतो आणि गिऱ्हाइकाच्या पत्त्यातही पिनकोड असतोच. दोन वेगळ्या वह्या जोडणारा तो एकमेव सामाईक रकाना आहे.

जाहिरातीच्या वहीत काय दिसते

समजा, कोथरूडमध्ये एक पोळी-भाजी केंद्र आहे. ते दुपारचे आणि रात्रीचे डबे घरपोच देते. ठिकाणे आणि पिनकोड खरे आहेत. केंद्र आणि आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. मालकीणबाईंनी दोन महिने ५ किलोमीटरच्या वर्तुळात गूगलवर जाहिरात दिली आणि पिनकोडवार अहवाल काढला.

| पिनकोड | भाग | जाहिरात खर्च | नवी गिऱ्हाइके | एका गिऱ्हाइकामागे |
|---|---|---|---|---|
| ४११०३८ | कोथरूड | ₹९,००० | ६० | ₹१५० |
| ४११०५८ | वारजे | ₹५,४०० | ३० | ₹१८० |
| ४११००४ | डेक्कन, एरंडवणे | ₹८,४०० | ३० | ₹२८० |
| ४११०५१ | आनंदनगर | ₹४,००० | २० | ₹२०० |
| ४११०२१ | बावधन, पाषाण | ₹४,८०० | ४० | ₹१२० |

हा तक्ता पाहून कुणीही म्हणेल की डेक्कन बंद करा आणि बावधन-पाषाण वाढवा. जाहिरात सांभाळणारा माणूसही बहुधा हेच सांगेल, कारण त्याच्यासमोर एवढीच वही असते. पण निर्णयाआधी या आकड्यांचा अर्थ नीट लावायला हवा.

पहिली गोष्ट, हा पिनकोड कुणाचा? जाहिरातीच्या अहवालातले ठिकाण म्हणजे क्लिक करताना माणूस जिथे होता ती जागा, आणि तीही अंदाजाने ठरलेली. जीपीएस, वाय-फाय, इंटरनेट जोडणीचा पत्ता यांवरून यंत्रणा तर्क करते. हिंजवडीच्या ऑफिसात बसून कोथरूडच्या घरी डबा मागवणारा माणूस अहवालात हिंजवडीचा दिसतो. काही क्लिक नुसत्या ‘पुणे’ या नावाखाली पडतात, त्यांचा पिनकोड सापडतच नाही. म्हणून खर्च जाहिरातीच्या अहवालातून घ्यावा, पण गिऱ्हाइकाचा पिनकोड आपल्या ऑर्डरवहीतून, म्हणजे डबा जिथे पोचला त्या पत्त्यावरून घ्यावा. वरचा तक्ता असाच केलेला आहे. पिनकोड नसलेल्या क्लिकचा खर्च वेगळ्या ओळीत ठेवावा. तो अंदाजाने वाटून टाकला तर सगळ्याच ओळी थोड्या थोड्या खोट्या होतात.

दुसरी गोष्ट एका सेटिंगची. गूगलच्या जाहिरातीत ठिकाण निवडले की मूळ पर्याय `Presence or interest` असा असतो. त्यामुळे त्या भागात असलेल्या माणसांबरोबरच त्या भागाविषयी शोध घेणाऱ्या दूरच्या माणसांनाही जाहिरात दिसते. डब्याच्या धंद्यात हा पैसा बहुतेक वाया जातो, म्हणून `Presence` हा पर्याय निवडतात. मात्र पुण्यात इथे एक खरी अडचण येते. आईवडील एरंडवण्यात आणि मुलगी न्यू जर्सीत, असे घर डेक्कन परिसरात विरळ नाही. आईवडिलांच्या डब्याची चौकशी तिकडून होते आणि पैसेही तिकडूनच येतात. `Presence` निवडला की ही मुलगी जाहिरातीतून गळते. अशी गिऱ्हाइके मिळत असतील तर त्यांच्यासाठी स्वतंत्र मोहीम ठेवावी. स्थानिक मोहिमेत त्यांना मिसळले तर दोन्हींचा हिशेब बिघडतो.

किलोमीटर नव्हे, मिनिटे

आता दुसरी वही उघडू. डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार, पेट्रोल आणि गाडीची झीज धरून तासाला ₹१२०, म्हणजे मिनिटाला ₹२ पडतात असे धरू. मुलगा केंद्रातून निघून परत येईपर्यंतची मिनिटे मोजायची आणि त्या फेरीतल्या डब्यांनी भागायची. कोथरूडची फेरी ४० मिनिटांची, डबे चार. म्हणजे डब्यामागे १० मिनिटे, ₹२०. वारज्याची फेरी ४५ मिनिटांची आणि डबे तीन, म्हणून ₹३०. डेक्कनच्या फेरीला ४८ मिनिटे लागतात, पण सोसायट्या लागून लागून असल्याने चार डबे जातात, डब्यामागे ₹२४. आनंदनगरला जाऊन-येऊन तास मोडतो आणि डबे दोनच, त्यामुळे ₹६०.

अंतर आणि खर्च यांचा संबंध किती सैल आहे ते इथे दिसते. डेक्कन आणि आनंदनगर केंद्रापासून सरळ रेषेत साधारण सारखेच दूर आहेत, तरी एका डब्याचा खर्च अडीचपट आहे. फरक पुलाचा आहे आणि एका फेरीत किती डबे जातात याचा आहे.

तिसरा आकडा पुन्हा पुन्हा येणाऱ्या ऑर्डरींचा. जाहिरातीचा पैसा गिऱ्हाइकामागे एकदा जातो, फायदा मात्र दर डब्याला मिळतो. ₹३०० च्या ऑर्डरीत जिन्नस, गॅस, मजुरी आणि पॅकिंग वजा जाता ₹९० उरतात असे समजू. दोन महिन्यांत एका नव्या गिऱ्हाइकाने सरासरी किती ऑर्डरी दिल्या ते वहीतून काढले: कोथरूड ६, वारजे ५, डेक्कन ८, आनंदनगर ४.

आता प्रत्येक पिनकोडासाठी एक मर्यादा काढता येते. डेक्कनच्या ऑर्डरीत ₹९० मधून पोचवण्याचे ₹२४ गेले की ₹६६ उरतात. आठ ऑर्डरींचे झाले ₹५२८. नवे गिऱ्हाईक मिळवायला यापेक्षा जास्त जाहिरात खर्च झाला तर तोटा, कमी झाला तर फायदा. हीच मर्यादा कोथरूडमध्ये ₹४२० आणि वारज्यात ₹३०० येते, तर आनंदनगरमध्ये फक्त ₹१२०. आता पहिला तक्ता परत पाहू. सगळ्यात महाग वाटलेल्या डेक्कनमध्ये ₹२८० खर्च करून ₹५२८ येतात, म्हणजे गिऱ्हाइकामागे ₹२४८ हातात राहतात. आनंदनगरमध्ये ₹२०० खर्च होतात आणि ₹१२० येतात. दर गिऱ्हाइकामागे ₹८० चा खड्डा.

सेवाक्षेत्राची खरी सीमा इथे सापडते. जाहिरात बाजार एका गिऱ्हाइकाची किंमत सांगतो आणि रस्ता त्या किमतीची मर्यादा ठरवतो. पहिली दुसरीच्या वर जाते तिथे क्षेत्र संपते. नुसत्या जाहिरातीच्या आकड्यांवर डेक्कन बंद केले असते, तर या केंद्राने दोन महिन्यांत ₹७,४४० गमावले असते. या केंद्राच्या सगळ्या भागांची बेरीज ₹२८,६८० आहे. म्हणजे चौथा हिस्सा हातचा गेला असता.

एका पिनकोडात दोन गावे

४११०२१ अजून बाकी आहे आणि सगळ्यात शिकण्यासारखा तोच आहे. त्यात बावधनही येते आणि पाषाणही. बावधन चांदणी चौकाला लागून आहे, तर पाषाण त्याच्या बरेच पुढे. जाहिरातीच्या अहवालात दोन्ही एकाच ओळीत आहेत आणि ओळ सगळ्यात स्वस्त आहे.

ऑर्डरवहीतल्या पत्त्यांवरून ४० गिऱ्हाइके वेगळी केली. २४ बावधनची निघाली, १६ पाषाणची. बावधनच्या फेरीला ४० मिनिटे आणि दोन डबे, म्हणजे डब्यामागे ₹४०. ऑर्डरी सरासरी सहा. मर्यादा ₹३०० येते आणि ₹१२० जाहिरात खर्च वजा जाता ₹१८० राहतात. पाषाणच्या फेरीला ७० मिनिटे आणि डबे दोन, म्हणजे ₹७०. शिवाय डबा गार होऊन पोचतो, म्हणून गिऱ्हाईक सरासरी दोनच ऑर्डरी देऊन थांबते. मर्यादा ₹४० आणि खर्च ₹१२०, म्हणजे ₹८० तोटा. सबंध पिनकोडाची सरासरी मात्र गिऱ्हाइकामागे ₹७६ फायद्याची दिसते. सरासरी पाहून कुणी या पिनकोडात जाहिरात वाढवली, तर बावधनच्या नफ्यातून पाषाणचा तोटा भरला जात राहील आणि वहीत ते कधीच दिसणार नाही.

म्हणून पिनकोडाच्या आत डोकावायला त्रिज्या कामाला येते. केंद्राचा पत्ता जाहिरातीला जोडलेला असेल, तर गूगल `Distance` नावाचा अहवाल देते. त्यात जाहिरात पाहणारा माणूस केंद्रापासून किती दूर होता त्याप्रमाणे आकडे मिळतात. तो वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्यातली वर्तुळे एकात एक आहेत. १ किलोमीटरच्या आतली ऑर्डर ५ किलोमीटरच्या ओळीतही मोजली जाते, त्यामुळे मधल्या पट्ट्याचा आकडा वजाबाकी करूनच मिळतो. आणि १ किलोमीटरनंतरची पुढची पायरी थेट ५ किलोमीटरची आहे, म्हणजे डब्याच्या धंद्याचा सगळा प्रश्न ज्या पट्ट्यात आहे तो पट्टा या अहवालात अखंडच राहतो. बारीक कडी हवी असतील तर ती आपल्याच ऑर्डरवहीतल्या पत्त्यांवरून करावी लागतात.

थोड्या आकड्यांवर किती भार टाकायचा

आनंदनगरची २० गिऱ्हाइके म्हणजे फार लहान संख्या. तसेच दोन महिने पुन्हा आले तर निव्वळ योगायोगाने १२ किंवा ३१ सुद्धा मिळू शकतील. म्हणजे गिऱ्हाइकामागचा खर्च ₹२०० लिहिला असला तरी तो ₹१३० ते ₹३३० यांपैकी काहीही असू शकतो. वारज्याचे ₹१८० आणि आनंदनगरचे ₹२०० यांत फरक आहे असे या आकड्यांवरून म्हणताच येत नाही. मग आनंदनगरबद्दल निर्णय घ्यायचा कसा? इथे मर्यादा मदतीला येते. ती ₹१२० आहे, म्हणजे नशिबाने साथ दिली तरचा आकडाही तिच्या वरच राहतो. मर्यादा त्या पट्ट्याच्या मध्ये पडली असती, तर आणखी महिना-दोन महिने थांबणे भाग होते.

एकही ऑर्डर न आलेल्या पिनकोडासाठी संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: तीनला क्लिकच्या संख्येने भागा. ६० क्लिकमध्ये ऑर्डर शून्य असेल, तर खरे प्रमाण शंभराला पाचपर्यंत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. शंभर क्लिकला पाच ऑर्डरी हा कित्येक धंद्यांसाठी चांगला आकडा आहे. म्हणून ६० क्लिकवर एखादा पिनकोड मेलेला ठरवणे घाईचे होते. बोली लावण्याचे काम यंत्रणेवर सोपवलेले असेल तर आणखी जपावे लागते. जिथे सुरुवातीला ऑर्डरी आल्या तिथे ती पैसा वळवते आणि उरलेल्या पिनकोडांना स्वतःला सिद्ध करण्याइतके क्लिक मिळतच नाहीत.

जवळच्या पिनकोडात चूक उलट्या दिशेने होते. कोथरूडमध्ये केंद्राची पाटी रोज हजारो लोक पाहतात. त्यातला एखादा फोनवर केंद्राचे नाव शोधतो, वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक करतो आणि ऑर्डर देतो. वहीत ते गिऱ्हाईक जाहिरातीच्या खात्यावर चढते, पण ते आलेच असते. हे तपासायचा उपाय एकच: कोथरूडमधली जाहिरात तीन-चार आठवडे बंद ठेवायची, वारज्याची चालू ठेवायची आणि दोन्हीकडच्या एकूण नव्या गिऱ्हाइकांची, म्हणजे जाहिरातीतून आलेल्या आणि न आलेल्या सगळ्यांची, आधीच्या आठवड्यांशी तुलना करायची. समजा, साठापैकी निम्मी जाहिरातीशिवायही आली. मग खऱ्या अर्थाने मिळवलेल्या गिऱ्हाइकाची किंमत ₹१५० नसून ₹३०० आहे. ती ₹४२० च्या आतच आहे, पण बावधनच्या ₹१२० शी तुलना करताना चित्र पालटते. अशी चाचणी गणेशोत्सवात घेऊ नये. त्या दिवसांत रस्तेही बदलतात आणि घरातला स्वयंपाकही.

नवी रेघ

आता मालकीणबाई सेवाक्षेत्र नव्याने आखू शकतात. कोथरूड, वारजे आणि डेक्कन हे तीन पिनकोड पूर्ण ठेवायचे. ४११०२१ हा पिनकोड काढून त्याऐवजी बावधनवर छोटे वर्तुळ ठेवायचे. उलट बाजूने, म्हणजे पूर्ण पिनकोड ठेवून पाषाणवरचे वर्तुळ वगळून, हे काम गूगलमध्ये होत नाही. तिथे वर्तुळ जोडता येते, वगळता येत नाही. फार लहान वर्तुळात जाहिरात अधूनमधून दिसते किंवा दिसतच नाही, म्हणून ते वस्ती नीट सामावेल एवढे तरी हवे. वर्तुळाच्या कडेने पाषाणचा थोडा भाग आत येईलच. त्यासाठी वेबसाइटवर ऑर्डर घेण्याआधी सोसायटीचे नाव विचारावे.

आनंदनगरसाठी सरळ बंद करण्यापेक्षा चांगला मार्ग आहे. तिथला तोटा मुख्यतः फेरीत दोनच डबे असल्यामुळे होतो. दिवसभर केव्हाही डबा देण्याऐवजी दुपारी एकच ठरलेली फेरी ठेवली आणि तिच्यात चार डबे जमले, तर फेरी ७० मिनिटांची होऊन डब्यामागे ₹३५ पडतात. मर्यादा ₹१२० वरून ₹२२० वर जाते आणि ₹२०० ला मिळणारे गिऱ्हाईक जेमतेम परवडू लागते. चार डबे जमतात का हे पाहायला दोन महिने द्यावेत. नाही जमले तर जाहिरात थांबवावी आणि जुन्या गिऱ्हाइकांना आधी कळवून मगच सेवा बंद करावी.

वाचलेला पैसा डेक्कनकडे वळवताना एक जाण ठेवायला हवी. पुढचे गिऱ्हाईक ₹२८० लाच मिळेल असे नाही. खर्च वाढवला की आधी तयार असलेली माणसे संपतात आणि पुढच्यांसाठी जास्त मोजावे लागते. ₹५२८ ही मर्यादा सरासरीला नव्हे, या पुढच्या गिऱ्हाइकाच्या किमतीला लावायची.

नकाशातली भोके

आकड्यांनी आखलेली सीमा न्याय्य असतेच असे नाही. २०१६ साली ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने अमेरिकेत ॲमेझॉनच्या त्याच दिवशी माल पोचवणाऱ्या सेवेचे नकाशे तपासले. बॉस्टनमध्ये रॉक्सबरी ही बहुसंख्य कृष्णवर्णीयांची वस्ती, चहूबाजूंनी सेवा असूनही, वगळलेली आढळली. टीका झाल्यावर कंपनीने तिथे सेवा देण्याचे जाहीर केले. जिथे आधीचे गिऱ्हाईक आहे तिथेच सेवा द्यायची असा नियम लावला, की आधी दुर्लक्षिलेली वस्ती आकड्यांच्या जोरावर पुन्हा दुर्लक्षिली जाते.

छोट्या केंद्रालाही हे लागू आहे. ज्या वस्तीत लोक ऑनलाइन न शोधता फोन करून किंवा शेजाऱ्याला विचारून डबा लावतात, ती वस्ती जाहिरातीच्या वहीत कोरी दिसते. म्हणून ‘तुमच्याकडे आम्ही देत नाही’ असे सांगण्याआधी विचारणाऱ्याचा पत्ता टिपून ठेवावा. नकार दिलेल्यांची ही यादी जाहिरातीच्या कुठल्याही अहवालात मिळत नाही, आणि पुढची फेरी कुठे सुरू करावी हे तीच सर्वांत आधी सांगते.

आखलेली रेघही कायम टिकत नाही, कारण मिनिटे बदलतात. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला गेला आणि नव्या रचनेचे उद्घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. या काळात ४११०२१ हा पिनकोड तोच राहिला आणि नकाशावरचे वर्तुळही तेच राहिले. बावधनला लागणारा वेळ मात्र आधी एक होता, काम चालू असताना दुसरा आणि नंतर तिसरा. म्हणून दर तिमाहीला आधी फेऱ्यांची मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, त्यावरून प्रत्येक भागाची मर्यादा नव्याने काढावी आणि मगच जाहिरातीचा अहवाल उघडावा. या क्रमाने काम केले, तर डेक्कनसारखा महाग दिसणारा पिनकोड हातचा जात नाही आणि पाषाणसारखा स्वस्त दिसणारा भाग गळ्यात पडत नाही.